शाहूपुरीतल्या छापखान्याची वाटणी

रविवार

पुण्याहून दुपारची कोयना एक्स्प्रेस धरली आणि रात्री कोल्हापुरात उतरलो तेव्हा पाऊस थांबलेला नव्हता. निवृत्तीनंतर मी जुन्या छपाई यंत्रांची किंमत ठरवून देण्याचे काम करतो. एरवी हे काम पुण्यातच असते, परंतु या खेपेचे बोलावणे शाहूपुरीतल्या एका परिचित घरातून आलेले असल्यामुळे ते नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. त्या घरातल्या कर्त्या गृहस्थांना मी त्यांच्या ट्रेडलच्या, म्हणजे हाताने कागद लावून छापायच्या यंत्राच्या, काळापासून ओळखत होतो, आणि पुढे त्यांनी जुने ऑफसेट यंत्र घेतले तेव्हा ते बसवून द्यायला मीच आलो होतो. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मृत्युपत्र केलेले नव्हते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार सारखे हिस्से होतात. मात्र आई आणि बहीण यांनी छापखान्यावरचा हक्क सोडून द्यायचे आधीच सांगितले होते, त्यामुळे वाटणी उरली होती ती दोघा भावांतली.

बोलावणे मुलांनी केले नव्हते, त्यांच्या आईने केले होते. जेवण वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुम्ही यंत्रं बघा आणि आकडा सांगा. मी काय बोलत नाही. काय बोललो तर एकाची बाजू घेतली म्हणून दुसरा जेवायचा बंद होतो." जेवायला दोघे भाऊ एकाच वेळी बसले होते आणि दोघांनीही मला आग्रह केला. थोरल्यांनी तांबडा रस्सा वाढायला लावला, धाकट्यांनी पांढरा. एकमेकांशी ते संपूर्ण जेवणभर एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. सरळ शब्दही फारसे बोलले नाहीत, हे मी हात धुताना लक्षात घेतले.

सोमवार

छापखाना घरापासून चालत पाच मिनिटांवर, कुंभार गल्लीच्या अलीकडे, एका भाड्याच्या गाळ्यात आहे. आत शिरल्याबरोबर डाव्या भिंतीवर तेलरंगाने ओढलेल्या दोन रेषा दिसतात. एकीशेजारी 2019 लिहिलेले आहे आणि दुसरीशेजारी 2021. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचे पाणी पुढे सरकायचे थांबते आणि शाहूपुरीच्या या भागात मागे पसरते. त्या दोन्ही वर्षी ते गाळ्यात आले होते.

उजव्या हाताला थोरल्यांचे राज्य आहे. तेथे दहा बाय पंधरा इंची ट्रेडल, टाइपच्या केसेसचा लाकडी घोडा, दगडी टेबल आणि नंबरिंग बॉक्स ठेवण्याचा ड्रॉवर आहे. डाव्या हाताला धाकट्यांकडे एकरंगी ऑफसेट, प्लेटा ठेवायचा रॅक आणि संगणक. मधोमध, दोघांच्याही वाटेत, कागद कापण्याचे यंत्र उभे आहे, आणि पुढच्या दिवसांत जे काही मला कळले ते बहुतेक या यंत्रापाशीच कळले.

कोणत्याही छापखान्याची किंमत करण्यापूर्वी मी कामांची वही मागतो, कारण यंत्र काय करू शकते यापेक्षा त्याने गेल्या वर्षी काय केले हे महत्त्वाचे असते. वही एकच होती, परंतु तिच्यात दोन शाया होत्या. थोरले लाल शाईने लिहीत आणि धाकटे निळ्या. एका कामाची नोंद दोघांनी मिळून पुरी केली आहे असे एकही पान मला सापडले नाही. ज्या कामावर दोघांचा हात लागला होता ते काम दोनदा लिहिलेले होते.

वहीवरून छापखाना का बुडत चालला हे समजायला वेळ लागला नाही. या प्रेसचा मोठा आधार सहकारी संस्थांचा होता: पतसंस्थांची पावती पुस्तके, दूध संस्थांची कार्डे, वार्षिक अहवाल आणि लग्नसराईत पत्रिका. पत्रिका फोनवर गेल्या, आणि अहवाल मोठ्या चाररंगी प्रेसकडे गेले किंवा नुसतेच ईमेलने जाऊ लागले. उरली ती पावती पुस्तके. त्यांना क्रमांक लागतात आणि फाडण्यासाठी छिद्रांची रेघ लागते, आणि ही दोन्ही कामे करणारे यंत्र म्हणजे सगळ्यांनी भंगारात काढलेली ती ट्रेडल.

चालू असलेलेच एक काम उदाहरणादाखल घेतो. एका पतसंस्थेची 100 पुस्तके, प्रत्येकात 50 पावत्या आणि प्रत्येक पावतीची एक प्रत, म्हणजे 10,000 पावत्या. ऑफसेटवर एका कागदावर चार पावत्या बसवल्या की 2,500 कागद होतात. पुढची बाजू तासाभरात छापून होते आणि नियमांची मागची बाजू आणखी तासाभरात. मग कागद मधून कापला की प्रत्येकी दोन पावत्यांचे 5,000 कागद तयार होतात आणि ते ट्रेडलवर जातात. ट्रेडलला कागद हाताने लावावा लागतो. चांगला माणूस तासाला हजार लावतो. नंबरिंगचे पाच तास, आणि छिद्रांची रेघ वेगळी मारायची तर आणखी पाच. म्हणजे ज्या यंत्रावर बँकेचे कर्ज आहे ते या कामात दोन तास चालते, आणि ज्याची किंमत कोणी धरत नाही ते दहा तास चालते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एकाचा माल दुसऱ्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पुस्तक तयार होत नाही.

दुपारी ट्रेडलपाशी उभा राहिलो. नंबरिंग बॉक्स फ्रेममध्ये आवळायला जी किल्ली लागते ती थोरल्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढली, फ्रेम आवळली आणि किल्ली परत खिशात ठेवली. या किल्लीची जागा कोणत्याही छापखान्यात दगडी टेबलावर असते. समोर धाकट्यांनी संगणकासाठी पॅन्टच्या खिशातून श्रीलिपीचा डोंगल काढला, जो लावल्याखेरीज मराठी मजकुराची जुनी फाईल उघडत नाही, आणि चहाला बाहेर जाताना तो आठवणीने काढून घेतला. थोरले घरी गेले की फ्रेम आवळता येत नाही आणि धाकटे चहाला गेले की एक अक्षरही दुरुस्त करता येत नाही, अशी ही व्यवस्था होती, आणि दोघेही ती अगदी साधी बाब असल्यासारखी पाळत होते.

मंगळवार

आजचा दिवस ऑफसेटचा. थोरल्यांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, एक बघून ठेवा. ते मशीन मागची बाजू तिरकी देतंय. पुढची बरोबर येते, उलटं केलं की वाकडं. घेणारा बघणार नाही होय?" तक्रार गंभीर होती. कागद पकडणाऱ्या चिमट्यांचा दांडा किंवा सिलिंडरचे बेअरिंग झिजले असेल तर यंत्राची किंमत निम्म्यावर येते.

पुराचे पाणी लागलेल्या यंत्रात मी प्रथम बाजूच्या लोखंडी चौकटीवरची गंजाची रेघ पाहतो. येथे ती होती, परंतु सिलिंडरच्या खाली; पाणी पायापर्यंत आले होते, वर चढले नव्हते. सिलिंडरच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांवरून बोट फिरवले, खड्डे लागले नाहीत. मग चाचणी. चारही कोपऱ्यांत केसासारख्या बारीक फुल्या असलेली प्लेट चढवली आणि पन्नासएक कागद छापले. तेच कागद त्याच कडेने, त्याच प्लेटवर पुन्हा एकदा घातले. यंत्र सैल असेल तर दुसरी फुली पहिलीवर पडत नाही आणि भिंगाखाली रेघ जाड किंवा दुहेरी दिसते. येथे भिंगाखाली एकच फुली दिसत होती. यंत्र वयाच्या मानाने उत्तम होते.

मग तिरकेपणा कोठून येतो? यासाठी मी स्टेशनरीच्या दुकानातून ए3 आकाराच्या झेरॉक्स कागदाचे एक पाकीट आणवले, कारण त्याच्या कडा कारखान्यातच कापलेल्या असतात आणि त्यांना या गाळ्यातला कोणाचाही हात लागलेला नसतो. ते कागद एका कडेने छापले आणि मग शेपटाकडून उलटून, म्हणजे समोरची कड यंत्राच्या चिमट्यात देऊन, मागची बाजू छापली. दिव्यासमोर धरले तर पुढच्या व मागच्या फुल्या एकमेकींवर होत्या. त्यानंतर प्रेसमध्ये कापून ठेवलेल्या गठ्ठ्यातले कागद घेऊन तेच केले. एका टोकाला फुल्या जुळल्या आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकल्या.

म्हणजे दोष कागदाचा होता. खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. गठ्ठ्यातले दोन कागद घ्यायचे, एक डाव्या अंगाने उलटा करून दुसऱ्यावर ठेवायचा, जवळच्या कडा जुळवायच्या आणि दूरच्या कडा पाहायच्या. समोरासमोरच्या कडा समांतर नसतील तर चूक दुप्पट होऊन दिसते. येथे ती स्पष्ट दिसली. पावसाळ्यात कागद दमट हवेने फुगतो हे खरे, परंतु फुगलेला कागद कडेने लहरी होतो. अशी सरळ रेषेत तिरकी वाट तो घेत नाही. ही कड पात्याने तशी कापलेली होती.

संध्याकाळी थोरले कागद कापत असताना मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसून राहिलो. कापण्याच्या यंत्रात गठ्ठा ज्या पट्टीला मागे टेकवतात ती बॅक गेज पात्याला समांतर असावी लागते. धाकट्यांच्या कामाचा गठ्ठा कापून झाला. मग थोरल्यांनी स्वतःच्या ट्रेडलसाठी पुठ्ठा घेतला, आणि तो टेकवण्यापूर्वी बॅक गेजच्या डाव्या टोकावरून नखाने काहीतरी सोडवून खिशात टाकले. ती किल्लीही त्याच खिशात होती. ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी गेजवर भिंग धरले. डाव्या टोकाला खळीचा ताजा डाग होता, आणि त्यात लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाचे तांबडे धागे चिकटून राहिले होते. कार्डाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि गठ्ठा एका टोकाने तेवढा पुढे सरकला की एवढी चूक व्हायला ते पुरेसे होते.

हे मी कोणालाही बोललो नाही. किंमत यंत्राची करायची होती. माणसांची कोणी विचारली नव्हती.

रात्री जेवणापूर्वी धाकटे मला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेले. समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. मी सहज म्हटल्यासारखे विचारले की, मागची बाजू तिरकी येते असे ऐकले. ते पेल्यावरचा फेस बघत म्हणाले, "येत होती. आता मी शेपटाकडून उलटत नाही. डाव्या अंगानं उलटतो, म्हणजे चिमट्याला तीच कड राहते. मांडणी बदलली की झालं." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "गठ्ठ्याच्या खऱ्या कडेला निळी पेन्सिल मारून ठेवतो."

ती निळी रेघ मी सकाळपासून प्रत्येक गठ्ठ्याच्या अंगावर पाहत होतो. म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. किती महिने, ते मी विचारले नाही.

बुधवार

ट्रेडल पाहायला अर्धा दिवस पुरतो. चाक हाताने फिरवून बाजूच्या हातांना हलवून पाहायचे, आवाज आला तर बुश गेले. मग पूर्ण फ्रेमभर ठळक मजकूर आवळून एक कागद काढायचा आणि त्याच्या पाठीवर बोट फिरवायचे. चारही कोपऱ्यांत दाब सारखा लागला पाहिजे. उजवा खालचा कोपरा हलका होता. बुश काढून शिवाजी उद्यमनगरात नेले. या गावाची ही मोठी सोय आहे: ऑइल इंजिने आणि ओतकामावर वाढलेल्या त्या गल्ल्यांत कोणत्याही जुन्या यंत्राचा भाग नमुना दाखवून दुपारपर्यंत करून मिळतो, आणि लेथवरचा माणूस यंत्राचे नाव विचारण्याआधी शाफ्टचे माप विचारतो. गनमेटलचा नवा बुश बसवल्यावर कोपरा ठळक आला.

टाइपचा विषय थोरल्यांच्या जिवाचा होता. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काने-मात्रा मिळून मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण लागतात, आणि त्यांच्या घोड्यात ते सगळे भरलेले होते. त्यांच्या हाताला ते अंधारातही सापडतात. परंतु बाजार टाइपची किंमत अक्षरावर करीत नाही, वजनावर करतो. हा धातू मुख्यतः शिसे आहे. कडकपणासाठी त्यात अँटिमनी असते आणि साचा नीट भरावा म्हणून कथील. भंगारवाला त्याला शिशापेक्षा थोडे अधिक देतो, एवढेच. झिजलेला आणि न झिजलेला टाइप ओळखण्यासाठी मी एक प्रुफ काढले. नेहमीच्या वापरातली क, त, र, ल ही अक्षरे करडी उमटली आणि क्वचित लागणारी जोडाक्षरे काळीभोर. थोरल्यांनी ते प्रुफ माझ्या हातातून घेतले, घडी घातली आणि ठेवून दिले. वाद घातला नाही.

किंमत खरी होती ती नंबरिंग बॉक्सना. आठ बॉक्स होते. सहा थोरल्यांच्या वडिलांच्या वेळचे, आणि दोन धाकट्यांनी पाचएक वर्षांपूर्वी घेतलेले. बॉक्समध्ये शाई वाळली की चाके अडकतात आणि एखादा आकडा पुढे जायचे विसरतो; पतसंस्थेच्या पावतीवर एक क्रमांक दोनदा पडला तर लेखापरीक्षणात प्रेसला जाब द्यावा लागतो. म्हणून रोज काम संपल्यावर ते रॉकेलमध्ये धुवून, पुसून, तेलाचा थेंब देऊन ठेवायचे असतात. सहा बॉक्स आरशासारखे होते. धाकट्यांचे दोन त्याच ड्रॉवरमध्ये, त्याच रांगेत, शाईने घट्ट बसलेले होते.

धाकट्यांची परतफेडही मला त्याच दुपारी पाहायला मिळाली. ट्रेडलवर कागद जागेवर राहावा म्हणून खाली आणि बाजूला पत्र्याच्या पिना लावलेल्या असतात. संगणकावर पावतीची मांडणी करताना क्रमांकाची जागा कडेपासून पुरेशी आत ठेवली पाहिजे, कारण बॉक्स हा आकड्यापेक्षा बराच रुंद असतो आणि कडेजवळ आला तर दाबाच्या वेळी पिनेवर बसून तिला चेपतो. ट्रेडलवर चालू असलेल्या दुसऱ्या एका पतसंस्थेच्या पावतीत क्रमांक अगदी कोपऱ्यात होता. मागच्या वर्षीच्या त्याच पावतीत तो दोन ओळी आत असल्याचे मी जुन्या प्रतीवर पाहिले. थोरले दर थोड्या वेळाने ट्रेडल थांबवीत, चेपलेली पीन काढीत, पक्कडीने सरळ करीत आणि पुन्हा लावीत. समोरच्या संगणकावर क्रमांक दोन ओळी सरकवायला मिनिट लागले नसते. "सरकव" असे थोरले म्हणाले नाहीत, आणि न सांगता धाकट्यांनी तो सरकवला नाही.

गुरुवार

रात्रभर पाऊस झाला. सकाळी चहाच्या टपरीवर सगळे एकच आकडा बोलत होते: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी 43 फूट आहे, आणि ज्यांनी 2019 चा ऑगस्ट पाहिला आहे ती माणसे 43 ची वाट बघत बसत नाहीत. छापखान्यात शिरलो तेव्हा सामान वर चढवणे सुरू झाले होते.

पूर आला की छापखान्यात काय आधी जाते याचा एक क्रम आहे. सर्वांत आधी कागद, कारण भिजलेले रीम फुगून फुटते आणि त्याचे काहीच होत नाही. मग मोटारी, कारण त्या जमिनीलगत बसवलेल्या असतात. त्यानंतर रबरी रोलर. लोखंड सर्वांत शेवटी. ते पाणी ओसरल्याबरोबर धुऊन तेल दिले तर वाचते. थोरल्यांनी ट्रेडलची मोटार सोडवून माळ्यावर चढवली, मग टाइपच्या केसेस एकेक करून, हातात भरलेले ताट धरावे तशा सपाट धरून नेल्या. धाकट्यांनी कागद, प्लेटा, रोलर, संगणक आणि ऑफसेटच्या मोटारीचे पॅनेल वर नेले. माळा एकच होता आणि शिडीही एकच. एक उतरेपर्यंत दुसरा खाली शांतपणे थांबत होता.

दुपारी दोघे हातपाय धुऊन जेवायला निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी गाळ्यावरून नजर फिरवली, आणि मीही फिरवली. मधोमध कागद कापण्याचे यंत्र जसेच्या तसे उभे होते, आणि त्याची मोटार जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. 2019 ला तीच मोटार जळून पुन्हा भरून घ्यावी लागल्याची नोंद मी वहीत वाचलेली होती. त्या पानावर लालही शाई होती आणि निळीही, आणि अर्धा अर्धा खर्च वेगवेगळा मांडलेला होता. ते यंत्र अजून कोणाच्याही वाट्याला गेलेले नव्हते, म्हणून ते कोणी उचलले नव्हते.

पाना मागून घेतला, प्रेसमधल्या पोऱ्याला हाताशी धरले आणि चार बोल्ट सोडवून मोटार दगडी टेबलावर ठेवली. दोघेही भाऊ दारात उभे होते. "राहू द्या की काका," असे दोघेही म्हणाले.

संध्याकाळी पावसाने उघडीप दिली. पातळी 40 फुटांपुढे गेली नाही.

शुक्रवार

बैठक घरी झाली, आईच्या समोर. मी माझा तक्ता वाचला. ऑफसेटची किंमत चांगली धरली, कारण यंत्र निर्दोष होते; तिरक्या कडेचा विषय तक्त्यात घालण्याचे कारण नव्हते, "छपाई दोन्ही बाजूंनी जुळते, चाचणी घेतली" एवढेच वाक्य लिहिले होते. थोरल्यांनी ते ऐकून मान खाली घातली नाही आणि वरही केली नाही. या किमतीतून बँकेची बाकी वजा केली की उरणारी रक्कम ट्रेडल, टाइप आणि नंबरिंग बॉक्स यांच्या बेरजेच्या बरीच जवळ येत होती. एक गोष्ट मात्र मी स्पष्ट केली: यंत्र बँकेकडे तारण आहे आणि कर्जाला दोघेही जामीनदार आहेत, म्हणून आपसांत काहीही ठरले तरी बँकेची लेखी संमती येईपर्यंत बँक दोघांनाही सोडणार नाही.

वाटे करण्याची जुनी रीत आईने सांगितली: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. यात न्याय असतो असे लोक मानतात, कारण वाटे पाडणाऱ्याला कोणता वाटा आपल्याकडे राहील हे माहीत नसते. थोरल्यांना मात्र ते माहीत असल्याची खात्री होती. धाकट्यांना ऑफसेटशिवाय दुसरे काही येत नव्हते. म्हणून एका वाट्यात ऑफसेट, संगणक, डोंगल आणि कर्ज, आणि दुसऱ्यात ट्रेडल, टाइप, आठही नंबरिंग बॉक्स, आवळायची किल्ली आणि कागद कापण्याचे यंत्र असे त्यांनी लिहिले. डोंगल आणि किल्ली यांना मी तक्त्यात स्वतंत्र क्रमांक दिले होते, ते त्यांनी तसेच उतरवून घेतले. कापण्याचे यंत्र दुसऱ्या वाट्यात घालताना त्यांच्या हाताने क्षणभरही विचार केला नाही.

धाकट्यांनी कागद वाचला. फार वेळ लावला नाही.

"कटिंग मशीन ज्याच्यात हाय, तो वाटा माझा."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आई म्हणाल्या, "तुला ट्रेडल येते काय रे?" त्यावर धाकटे म्हणाले, "शिकीन. सरळ कापायला तर येतं."

थोरल्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून पाटावर ठेवली. धाकट्यांनी डोंगल ठेवला. दोन्ही वस्तूंची अदलाबदल झाल्याची नोंद मी केली आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

पुढचे ठरवणे अधिक अवघड होते, कारण आता ऑफसेट अशा माणसाकडे होते ज्याला ते चालवता येत नव्हते आणि ट्रेडलचेही तेच. मी सुचवले ते असे: सहा महिने प्रत्येकाने आपल्याला येते तेच यंत्र चालवावे, ते आता दुसऱ्याच्या मालकीचे आहे असे समजून त्याच्याकडून मजुरी घ्यावी, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा माल चलनावर जावा. नंबरिंग आणि छिद्रांची रेघ यांची कामे शहरातल्या इतर प्रेसकडूनही मिळतील, कारण ट्रेडल काढून टाकलेल्या प्रेसना ती बाहेरून करून घ्यावी लागतात. ऑफसेटचे मात्र तसे नाही, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागेल. हे मी थोरल्यांकडे पाहून बोललो. त्यांनी दर विचारला. "हजारी किती लावणार?" धाकट्यांनी बाजारात चालतो तोच दर सांगितला, एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही.

माझी रात्रीची महालक्ष्मी होती, म्हणून दुपारी शेवटचा एक फेरा छापखान्यात झाला. मोटारी खाली आल्या होत्या. पतसंस्थेचे काम अर्धवट होते, आणि मधोमध कापलेले 5,000 कागद आता थोरल्यांच्या ऑफसेटवरून धाकट्यांच्या ट्रेडलकडे, म्हणजे आठ फूट पलीकडे, जायचे होते. थोरल्यांनी नवे चलन पुस्तक उघडले, क्रमांक 1 घातला, 5,000 लिहिले आणि लाल शाईने सही केली. धाकट्यांनी गठ्ठे स्वतःच्या बाजूला ओढून घेतले, अंगठ्याने फरफर सोडत शंभराशंभराने मोजले, आणि पुन्हा एकदा मोजले. मग निळ्या पेनने "दोन कागद कमी" असे लिहून चलन परत दिले.

थोरल्यांनी ऑफसेटच्या ट्रेमधून दोन कागद काढले आणि आणून दिले.